२६ तारखेला बुकिंग उघडतंय आणि आत्याबाई अजून ‘बघू’ म्हणतायत. पुन्हा कसं विचारावं?

लश्करची सून | १९ जानेवारी २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरहून आम्ही घरचे सगळे गुढीपाडव्याला कोल्हापूरला निघालोय. धाकट्या जावेच्या बाळाला अंबाबाईच्या आणि ज्योतिबाच्या पायावर घालायचं आहे. २७ मार्चची गोवा एक्सप्रेस ठरली आहे. संध्याकाळी ग्वाल्हेरला बसायचं, दुसऱ्या दिवशी रात्री मिरजेला उतरायचं. थर्ड एसी.

आता साठ दिवस आधीच बुकिंग उघडतं, म्हणजे आमच्या तारखेसाठी २६ जानेवारी, सकाळी आठ. तिकिटं काढायचं काम माझ्याकडे आहे. बाळ धरलं नाही तर अकरा माणसं पक्की आहेत. बारावं नाव आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचं. वय ६७. माधवगंजात राहतात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तारीख टाकली तेव्हा सगळ्यांनी होकार दिला. आत्याबाईंनी निरोप वाचला, पण उत्तर दिलं नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या, "बघू गं, अजून वेळ आहे."

वेळ नाही हे त्यांना कसं सांगू? मी सून. त्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या. फार मागे लागले तर नको असल्यासारखं वाटेल, आणि नाही विचारलं तर "मला वगळून गेले" असं आयुष्यभर राहील. मला त्या यायला हव्या आहेत, अगदी मनापासून. बाळाला त्यांच्याच मांडीवर बसवून ओटी भरायची असं घरात ठरलंय.

सुमेध इंदूरकर | १९ जानेवारी, रात्री १०:०५

ताई, यात एवढं काही नाही. बारावं तिकीट आत्याबाईंच्या नावाने काढून टाका. नाही आल्या तर स्टेशनवर अर्ज देऊन नाव बदलता येतं. आमच्या मामांचं तिकीट असंच त्यांच्या मुलाच्या नावावर केलं होतं. कुणी ना कुणी मिळेलच त्या जागेवर यायला.

राजू लष्कर | १९ जानेवारी, रात्री १०:३०

कन्फर्म नसेल तर घाबरू नका. गोवा एक्सप्रेसला मार्चमध्ये वेटिंग बरंच पुढे सरकतं. आरएसी झालं तरी गाडीत चढता येतं. चार्ट लागेपर्यंत वाट बघा.

लश्करची सून | १९ जानेवारी, रात्री १०:४५

राजूदादा, तिकीट अजून काढलेलंच नाही. आत्याबाई येणार की नाही, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. माझा प्रश्न तो आहे.

सुमेध, नाव बदलता येतं हे मला माहीत नव्हतं. तसं असेल तर खरंच सोपं आहे. नक्की ना?

झाशी आरक्षण | २० जानेवारी, सकाळी ७:१५

मी झाशी मंडळात बरीच वर्षं आरक्षणाच्या खिडकीवर होतो. आता निवृत्त. सुमेधरावांचं निम्मं बरोबर आहे, पण उरलेल्या निम्म्यात तुम्ही अडकाल.

नाव बदलता येतं, पण जवळच्या नात्यातच. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. मामांचं तिकीट त्यांच्या मुलाच्या नावावर झालं ते यामुळे. तिकीट कन्फर्म असावं लागतं, गाडीच्या चोवीस तास आधी खिडकीवर अर्ज द्यावा लागतो, नात्याचा पुरावा लागतो आणि हे एकदाच करता येतं. आत्याबाईंच्या जागी त्यांची मुलगी किंवा तुमचे सासरे येऊ शकतील. तुमची आई, तुमची बहीण, शेजारची वहिनी येऊ शकणार नाही. सासरे तर आधीच तुमच्या अकरांत आहेत. म्हणजे त्या जागेला वारस फार थोडे.

पण ताई, तुम्हाला निराळीच गोष्ट कळायला हवी. तिकिटातून नाव काढणं सोपं आणि स्वस्त आहे. तिकिटात नाव घालणं अशक्य आहे. पाच जणांच्या तिकिटात नंतर सहावा माणूस चढवता येत नाही. त्याचं नवं तिकीट काढावं लागतं, त्या दिवशी जी स्थिती असेल त्या स्थितीत. पाडव्याच्या आधीचा आठवडा आहे. बुकिंग उघडल्यावर काही दिवसांनी आत्याबाई "येते" म्हणाल्या तर अकरा जणांना बर्थ आणि ६७ वर्षांच्या बाईंना वेटिंग, असं चित्र असेल.

उलट, नाव घातलं आणि नंतर काढायचं ठरलं, तर गाडीच्या ४८ तास आधीपर्यंत थर्ड एसीला माणशी १८० रुपये आणि त्यावर जीएसटी कापतात. ऑनलाइन तिकिटावरचा सेवा आकार परत मिळत नाही. बाकीचे पैसे येतात. एकाच तिकिटातलं एकच नाव रद्द करता येतं, उरलेल्यांच्या बर्थला धक्का लागत नाही. ४८ तासांच्या आत आलात की भाड्याचा चौथा हिस्सा जातो, बारा तासांच्या आत निम्मा.

म्हणून आत्याबाईंना २६ तारखेपर्यंत "नक्की येणार का" असं विचारायची गरजच नाही. "नाव घालू का" एवढंच विचारा. नक्की काय ते मार्चमध्ये सांगायला त्या मोकळ्या.

लश्करची सून | २० जानेवारी, सकाळी ९:२०

काका, हे वाचून डोक्यावरचं ओझंच उतरलं. मी त्यांच्याकडे शेवटचा शब्द मागत होते आणि तो आत्ता लागतच नाही.

अमोल ठाकूर | २० जानेवारी, सकाळी ११:००

मग विचारायचं तरी कशाला? दोनशेच्या आत नुकसान आहे. घाला नाव. आल्या तर आनंद, नाही आल्या तर रद्द. बारा माणसांच्या प्रवासात ही रक्कम कुणाच्या खिजगणतीत नाही.

झाशी आरक्षण | २० जानेवारी, सकाळी ११:४०

अमोलराव, पैशाचा हिशेब बरोबर आहे, तरी मी असं करणार नाही. नाव आणि वय ओळखपत्राशी जुळायला हवं आणि ते त्यांच्याकडूनच मागावं लागेल. वयावर खालच्या बर्थचा कोटा मिळतो, त्यात चूक झाली तर गाडीत त्रास. आणि न विचारता काढलेलं तिकीट मोठ्या माणसाला हातात दिलं की ते "आता यावंच लागेल" असं ऐकू जातं.

अमोल ठाकूर | २० जानेवारी, दुपारी १२:१०

आमच्या घरी तरी असं कुणी मनाला लावून घेत नाही. आधार कार्डाचे फोटो सगळ्यांचे माझ्याकडेच असतात, मी काढतो आणि कळवतो. घराघरावर आहे. माझं मत बदललेलं नाही.

बडोद्याची वैदेही | २० जानेवारी, दुपारी १:३०

आमच्या मंडळाच्या सहलीला याच्या उलट झालं होतं. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी हो म्हटलं, बस ठरली, आणि निघायच्या आदल्या रात्री चौघांचे फोन आले की जमत नाही. बसचं भाडं तेवढंच राहिलं आणि बाकीच्यांवर वाटून गेलं. मला तर पटकन हो म्हणणाऱ्यांचीच जास्त धास्ती वाटते. तुमच्या अकरा जणांनी खरंच रजा टाकल्यात का, ते एकदा बघून घ्या. आत्याबाई निदान खरं तरी बोलतायत.

माधवगंजची आजी | २० जानेवारी, संध्याकाळी ६:५०

मी ७१ वर्षांची आहे आणि माधवगंजातच राहते, म्हणून या बाजूने थोडं लिहिते.

आमच्या वयाच्या बाईने "बघू" म्हटलं की तिला यायचं नाही असं समजू नये. नाही म्हणायचं असतं तर तिने संक्रांतीलाच म्हटलं असतं, कारण सुनेसमोर नाही म्हणायला तिला कसला संकोच? बघू म्हणते म्हणजे यायचं आहे आणि मध्ये काहीतरी आडवं येतंय. ते काय ते ग्रुपवर कुणी लिहीत नाही. चोवीस तासांहून लांब प्रवासात वरच्या बर्थवर चढायचं, रात्री दोनदा उठावं लागतं, गुडघा वाकत नाही, हे वीस माणसांच्या ग्रुपवर कशी लिहील ती? तिथे जावई असतात, नातवंडं असतात.

आणखी एक. ज्योतिबाच्या पायऱ्या तिने तरुणपणी चढल्या असतील, त्या तिला आठवत असतील. माझं म्हणाल तर मला सगळ्यात भीती वाटते ती माझ्यामुळे इतरांचा खोळंबा होण्याची.

तेव्हा "येताय का" हे विचारूच नका. तेच तेच किती वेळा विचारणार? "तुम्हाला कशाची अडचण वाटते" असं विचारा. एकटीला गाठून, फोनवर, दुपारी जेवणानंतर. मुलाकडून निरोप पाठवू नका, मुलगा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. तुमच्या सासूबाई बोलल्या तर आणखी बरं. नणंद-भावजय एकमेकींशी जे बोलतील ते सुनेशी बोलणार नाहीत.

लश्करची सून | २० जानेवारी, रात्री ९:१५

आजी, तुमचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वन्संचा डावा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून बरा नाही, पण त्या कुणाला सांगू देत नाहीत." म्हणजे हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.

काका, बर्थचं काय करता येईल? बारा माणसांत खालचे बर्थ किती मिळतील ते कोण सांगणार. मी सहा-सहांची दोन तिकिटं काढणार होते.

झाशी आरक्षण | २१ जानेवारी, सकाळी ७:००

तिथेच थोडा बदल करा. खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. आयआरसीटीसीवर गाडी निवडताना कोट्याच्या यादीत GENERAL च्या खाली LOWER BERTH/SR.CITIZEN असं दिसेल. ४५ वर्षांवरच्या बायका आणि ६० वर्षांवरचे पुरुष त्यात येतात. पण अट अशी की तिकिटावर एकच किंवा दोनच प्रवासी हवेत. सहांच्या तिकिटात एक आजी घातल्या तर हा कोटा लागू होत नाही. बहुतेक घरं इथेच चुकतात, सगळ्यांना एकत्र ठेवायच्या नादात आजींना मधला बर्थ येतो.

तुमच्या सासूबाईंचं वय किती?

लश्करची सून | २१ जानेवारी, सकाळी ८:१०

६४.

झाशी आरक्षण | २१ जानेवारी, सकाळी ८:३०

मग उत्तम. सासूबाई आणि आत्याबाई या दोघींचं एक तिकीट या कोट्यातून. बाकी दहांची दोन तिकिटं, सहा आणि चार, साध्या कोट्यातून. बारा झाले.

आता बघा, आत्याबाईंनी मार्चमध्ये नाही म्हटलं तर त्या तिकिटातलं त्यांचं एक नाव काढायचं. सासूबाईंचा खालचा बर्थ जागेवर राहतो. आत्याबाई मुळातच नसत्या तरी सासूबाईंचं तिकीट असंच काढायला मी सांगितलं असतं. म्हणजे त्या येवोत न येवोत, मांडणी एकच.

एक उणीव आहे, ती आधीच सांगून ठेवतो. तिन्ही तिकिटं एका डब्यात येतील याची खात्री नाही. दोघी एका डब्यात आणि तुम्ही दुसऱ्यात, असं होऊ शकतं. टीसीला विनंती करून किंवा सहप्रवाशाशी अदलाबदल करून जमतं, पण जमेलच असं लिहून देता येत नाही. आणि या कोट्यात बर्थ थोडे असतात, तेव्हा २६ तारखेला आठ वाजता आधी हे दोघींचं तिकीट, मग बाकीची.

सुमेध इंदूरकर | २१ जानेवारी, सकाळी १०:००

काका, नावबदलाचं मी अर्धवट सांगितलं होतं, नीट सांगितल्याबद्दल आभार. ज्येष्ठांना निम्मं भाडं असतं ना? ते पण आत्याबाईंना सांगा.

झाशी आरक्षण | २१ जानेवारी, सकाळी १०:२०

ती सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, बायकांना पन्नास टक्के होती ती. कोटा मात्र चालू आहे. भाडं पूर्ण.

लश्करची सून | २१ जानेवारी, दुपारी ३:४५

उद्या सासूबाई फोन करणार आहेत. त्याआधी मी आत्याबाईंना एकटीला एक निरोप पाठवावा असं वाटतंय, म्हणजे तारीख लेखी राहील. हे लिहिलंय, काही खटकतं का सांगा:

"आत्याबाई, नमस्कार. कोल्हापूरच्या गाडीचं बुकिंग येत्या रविवारी सकाळी आठ वाजता उघडतंय. तुमचं आणि आईंचं तिकीट जोडीने, खालच्या बर्थच्या कोट्यातून काढायचा विचार आहे. तुमचं नाव घालू का? यायचं की नाही ते आत्ता ठरवायला नको, मार्चमध्ये सांगितलं तरी चालेल. तिकीट रद्द करायला फारसा खर्च येत नाही आणि तो आम्ही घरखर्चात धरला आहे. रविवारनंतर मात्र नाव घालता येणार नाही. उद्या दुपारी आई फोन करतील, काही अडचण वाटत असेल तर त्यांच्याशी बोला. बाळ तुमची वाट बघतंय."

माधवगंजची आजी | २१ जानेवारी, संध्याकाळी ५:१०

शेवटचं वाक्य काढा. बाळाचं नाव घेतलं की तिला नाही म्हणताच येणार नाही, आणि तुम्हाला तर तिचं खरं काय ते ऐकायचंय. बाकी चांगलं आहे. खर्चाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या पिढीला दुसऱ्याचे पैसे वाया जाण्याचा फार त्रास होतो, त्यापायीही माणूस गप्प बसतो.

अमोल ठाकूर | २१ जानेवारी, संध्याकाळी ५:४०

मला "रविवारनंतर नाव घालता येणार नाही" हे आवडलं. नियम रेल्वेचा आहे, तुमचा नाही, हे त्यात आपोआप येतं. फक्त उत्तर शुक्रवारपर्यंत मागा. शनिवारी रात्री नाव आणि वय गोळा करत बसाल तर रविवारी आठ वाजता हात थरथरेल. साइटवर सगळ्यांची नावं आधी भरून ठेवता येतात, ते शनिवारी करून घ्या.

झाशी आरक्षण | २१ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

अमोलरावांशी सहमत. आणि ताई, "मार्चमध्ये" असं मोघम नको. गाडी २७ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास आहे, म्हणजे ४८ तास २५ च्या संध्याकाळी संपतात. त्यांना २३ मार्च, रविवार सांगा. दोन दिवस हाताशी राहतील.

लश्करची सून | २३ जानेवारी, सकाळी १०:३०

काल बोलणं झालं. निरोप तुम्ही सांगितल्याप्रमाणे सुधारून पाठवला होता. बाळाचं वाक्य काढलं, शुक्रवार आणि २३ मार्च घातले.

सासूबाईंनी फोन केला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, मुद्दाम बाहेर आले नाही. बराच वेळ बोलत होत्या. गुडघ्याचं होतंच. खालचा बर्थ मिळणार आणि शेजारी भावजय असणार म्हटल्यावर त्या बाबतीत त्या निश्चिंत झाल्या. पण आणखी एक निघालं. आत्याबाईंच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या घरच्या काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये करायचं चाललंय आणि डॉक्टरांनी तारीख दिलेली नाही. काकांना ऑपरेशननंतर एकटं ठेवायला त्या तयार नाहीत. त्यामुळे त्यांना खरोखरच आत्ता सांगता येत नव्हतं.

नाव घालायला हो म्हणाल्या. आधार कार्डाचा फोटो त्यांनी स्वतः पाठवला.

बडोद्याची वैदेही | २३ जानेवारी, दुपारी १२:००

वाचून फार बरं वाटलं. ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीत किंवा पाडव्यानंतर घेता येते का, डॉक्टरांना विचारून बघा. मोतीबिंदूची घाई सहसा नसते. अर्थात त्यांच्या डोळ्यांचं त्यांचे डॉक्टरच सांगतील.

लश्करची सून | २३ जानेवारी, दुपारी १२:२५

सासरे काकांशी बोलणार आहेत.

लश्करची सून | २६ जानेवारी, सकाळी ८:५०

तिकिटं झाली. दोघींचं आधी काढलं, दोन्ही खालचे बर्थ, डबा बी-२. मग सहांचं आणि चारांचं, ती बी-४ मध्ये आली. बाराच्या बारा कन्फर्म.

आत्याबाईंना फोन करून बर्थ नंबर सांगितले. त्यांनी विचारलं, "बाळ कुठल्या डब्यात?" बी-४ म्हटल्यावर म्हणाल्या, "मग मी तिकडे येईन नाहीतर बाळाला इकडे आणा." काका, हे दोन डबे जवळ आहेत का? गुडघा धरून त्यांना चालवायला नको.

झाशी आरक्षण | २६ जानेवारी, सकाळी ९:३०

अभिनंदन. मध्ये बी-३ येतो, बहुधा लागूनच असतात, पण चालत्या गाडीत दोन डब्यांमधून त्यांना नेऊ नका. बाळालाच घेऊन जा. बी-२ मधल्या सहप्रवाशांशी अदलाबदल करून तुम्हीच त्यांच्याजवळ झोपू शकलात तर सर्वांत चांगलं, रात्री उठायला सोबत होईल.

आणि परतीचं विसरू नका. मिरजेहून ३१ मार्चला निघणार असाल तर ते ३० जानेवारीला उघडेल. मात्र गाडी आदल्या दिवशी सुटून तुमच्या स्टेशनला दुसऱ्या दिवशी येत असेल तर दिवस सुटण्याच्या तारखेवरून मोजतात, तेवढं वेळापत्रकात पाहून घ्या. परतीलाही दोघींचं तिकीट वेगळंच काढा.

लश्करची सून | २६ जानेवारी, सकाळी ९:५०

परतीच्या तिकिटात त्यांचं नाव घालू का, ते पुन्हा विचारावं लागेल ना? की जातानाचं हो हेच दोन्हीकडचं धरायचं?

माधवगंजची आजी | २६ जानेवारी, सकाळी ११:०५

विचारा. दोन मिनिटांचा फोन आहे. आणि काकांची तारीख लागली का तेही त्यातच कळेल.

अमोल ठाकूर | २६ जानेवारी, सकाळी ११:२०

मी असतो तर सरळ काढलं असतं.